"तुम्ही लीड केलेला एक प्रोजेक्ट सांगा": या प्रश्नाचं उत्तर कसं बांधायचं

मी गेली बारा वर्षं उत्पादन विभागातल्या जागांसाठी मुलाखती घेते आहे. "तुम्ही लीड केलेल्या एखाद्या प्रोजेक्टबद्दल सांगा" हा प्रश्न मी जवळपास प्रत्येकाला विचारते, आणि खरोखर चांगलं काम केलेली माणसं इथेच अडखळताना पाहते. पाच मिनिटं ऐकून झाल्यावर माझ्या कागदावर एवढीच ओळ उरते: "डाय बदलण्याचा वेळ कमी झाला." तो कोणी कमी केला, काय करून केला, यातलं काहीच त्या उत्तरातून हाती लागत नाही. मग गुण द्यायचे कशाला?

या प्रश्नासाठी सगळीकडे एकच साचा सांगतात. परिस्थिती, जबाबदारी, कृती आणि परिणाम. या चारांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांवरून त्याला "स्टार" म्हणतात. अॅमेझॉन आपल्या उमेदवारांना याच पद्धतीने तयारी करायला सांगते. ब्रिटनच्या सरकारी नोकरभरतीतही अशी उदाहरणं याच साच्यात द्यायला सुचवतात, आणि लेखी अर्जात एका उदाहरणाला २५० शब्दांची मर्यादा असते. साचा बहुतेकांना माहीत असतो. चूक होते ती कुठल्या भागाला किती वेळ द्यायचा यात. तोंडी उत्तर दोन ते अडीच मिनिटांचं असावं. त्यात परिस्थितीला वीस सेकंद, जबाबदारीला पंधरा, कृतीला सव्वा मिनिट आणि परिणामाला अर्धा मिनिट, एवढा ढोबळ हिशोब धरा. मी ऐकते त्या उत्तरांमध्ये हे बरोबर उलटं असतं. कंपनी, ग्राहक, मशिनं आणि अडचणी यांच्या वर्णनात तीन मिनिटं जातात आणि कृती दोन वाक्यांत आटोपते.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण घेते, म्हणजे प्रत्येक पायरी त्यावर तपासता येईल. चाकणसारख्या औद्योगिक भागातला एक प्रेस शॉप धरा. २०० टनी पॉवर प्रेसवर दुचाकीचे पत्र्याचे पार्ट बनतात. एक पार्ट संपला की डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, उतरवून दुसरी चढवायची, आणि यात दर वेळी सरासरी ९५ मिनिटं प्रेस बंद राहते. उमेदवार तिथला प्रॉडक्शन इंजिनिअर आहे. हा वेळ कमी करण्याचं काम त्याने तीन महिने चालवलं.

प्रोजेक्ट निवडताना

सगळ्यात मोठा प्रोजेक्ट निवडायचा मोह होतो. नवी लाइन बसवली, दोन कोटींचं काम होतं, चाळीस माणसं होती. पण त्या चाळीस जणांत तुम्ही काय ठरवलं, हे विचारल्यावर उत्तर देता येत नसेल, तर तो प्रोजेक्ट तुमचा नाही. निवडताना मी एकच कसोटी सुचवते: या कामात असे दोन-तीन प्रसंग आहेत का, जिथे दोन वाटा समोर होत्या आणि कोणती घ्यायची हे तुम्ही ठरवलं? असतील तर पाच माणसांचं, दीड लाखाचं कामसुद्धा पुरतं.

"माझ्याकडे लीडरचं पद नव्हतं" असं पुष्कळ जण म्हणतात. पद नसलं तरी चालतं. आपल्या उदाहरणातल्या इंजिनिअरच्या हाताखाली ना डाय चढवणारा सेटर होता, ना टूलरूमचा फिटर, ना क्वालिटीचा इन्स्पेक्टर. प्रत्येकाचा साहेब वेगळा होता. ज्यांच्यावर अधिकार नाही अशा माणसांकडून काम करून घेणं हेच तर मला ऐकायचं असतं. नुकतंच शिक्षण संपलेलं असेल तर शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट सांगा, पण तोही याच कसोटीवर तपासून.

उत्तर लिहिण्याआधी जुने कागद काढा

आठवणीतून लिहू नका. दोन वर्षांपूर्वीचं काम आठवताना आकडे आपोआप गोल होतात आणि भांडणं विसरली जातात, आणि मुलाखतीत नेमकं या दोन गोष्टींबद्दल विचारलं जातं. तेव्हाची वही, शिफ्ट रिपोर्टमधल्या नोंदी, पाठवलेले मेल, मीटिंगचे मुद्दे, जे हाताशी असेल ते वाचा. कंपनी सोडली असेल आणि कागद नसतील, तर तेव्हा बरोबर असलेल्या एखाद्या सहकाऱ्याला फोन करून अर्धा तास बोला. तुम्ही विसरलेला एखादा अडथळा तो हमखास आठवून देतो.

कंपनीचे गोपनीय कागद मात्र बरोबर आणू नका. ग्राहकाचं नाव, पार्टचा दर, ड्रॉइंग यांतलं काहीही उत्तरात लागत नाही. "दुचाकी बनवणारा एक ग्राहक" एवढं पुरतं. जुन्या कंपनीची गुपितं सहज सांगणारा उमेदवार उद्या आमचीही सांगेल, हा विचार मुलाखत घेणाऱ्याच्या मनात येतोच.

परिस्थिती: ऐकणाऱ्याला लागेल तेवढीच

इथे तीन गोष्टी पुरतात: काय चाललं होतं, कुठे दुखत होतं, आणि ते तेव्हाच का महत्त्वाचं झालं. आपल्या उदाहरणात: "डाय बदलायला ९५ मिनिटं लागायची. ग्राहकाने लहान लॉट मागायला सुरुवात केली, त्यामुळे दिवसाला एकऐवजी दोनदा डाय बदलावी लागू लागली. रोजचे तीन तास प्रेस बंद." झालं. कंपनीची स्थापना, एकूण प्रेस किती, शिफ्ट किती, हे सगळं गाळा. एखादं वाक्य ठेवायचं की नाही हे कळत नसेल, तर ते काढून पुढची कृती समजते का ते पाहा. समजत असेल तर त्या वाक्याची गरज नव्हती.

जबाबदारी: परिस्थितीपासून वेगळी करा

या भागाची सगळ्यात जास्त हेळसांड होते. लोक परिस्थिती सांगून थेट "मग आम्ही..." असं सुरू करतात. जबाबदारी म्हणजे तुमच्या गळ्यात काय पडलं होतं: किती गाठायचं, किती दिवसांत, कशाच्या आत राहून. आपल्या इंजिनिअरला प्लँट हेडने सांगितलं होतं की तीन महिन्यांत वेळ ४५ मिनिटांच्या आत आणायचा, नवी प्रेस मिळणार नाही, खर्च दीड लाखाच्या वर जाऊ नये. शिवाय टीममधले पाचही जण दुसऱ्यांच्या हाताखालचे.

या मर्यादा सांगणं फार कामाचं असतं, कारण पुढचा प्रत्येक निर्णय याच मर्यादांमुळे कळतो. दीड लाखाची मर्यादा ऐकलेली नसेल तर टूलरूमने सुचवलेले चार लाखांचे हायड्रॉलिक क्लँप का घेतले नाहीत, हे ऐकणाऱ्याला कळणार नाही. लक्ष्य तुम्ही स्वतःच ठरवलं असेल तर तेही सांगा, आणि तोच आकडा का धरला हे एका वाक्यात.

कृती: निर्णय सांगा

उत्तराचा गाभा हाच. बहुतेक जण इथे कामांची यादी वाचतात: मीटिंग घेतली, डेटा गोळा केला, ट्रेनिंग दिलं, फॉलोअप केला. ही यादी कुठल्याही प्रोजेक्टला लागू पडते, म्हणून तिच्यातून तुमच्याबद्दल काही समजत नाही. त्याऐवजी तीन निर्णय निवडा आणि प्रत्येकाबरोबर त्याचं कारण सांगा.

आपल्या उदाहरणातला पहिला निर्णय मोजण्याचा. इंजिनिअरने लगेच काही बदललं नाही. त्याने तीन डाय बदलांचा व्हिडिओ घेतला आणि सेटरबरोबर बसून ९५ मिनिटं कुठे जातात ते लिहून काढलं. डाय, बोल्ट, पाने शोधण्यात आणि फोर्कलिफ्टची वाट पाहण्यात ३८ मिनिटं. शट हाइट, म्हणजे रॅम पूर्ण खाली असताना ती आणि खालचं बेड यांच्यातलं अंतर, जुळवण्यात २२. पहिल्या पीसच्या तपासणीत १५. आणि प्रत्यक्ष डाय सोडण्यात-आवळण्यात फक्त २०.

दुसरा निर्णय यातूनच आला. टूलरूमचं म्हणणं होतं की हायड्रॉलिक क्लँप बसवा. त्यांचा खर्च चार लाख होता, आणि ते वाचवणार होते त्या २० मिनिटांतला काही भाग. इंजिनिअरने ठरवलं की आधी प्रेस चालू असतानाच करता येतील अशी कामं बाहेर काढायची. पुढची डाय, बोल्ट आणि गेज आधीच्या लॉटचे शेवटचे पीस निघत असतानाच प्रेसजवळ आणून ठेवायचे, आणि इन्स्पेक्टरला पंधरा मिनिटं आधी कळवायचं. चालू मशिनवरची कामं आणि बंद मशिनवरची कामं वेगळी करण्याची ही पद्धत शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरने मांडली, आणि प्रेस शॉपमधल्या बहुतेकांना ती ऐकून माहीत असते. मुलाखतीत मात्र पद्धतीचं नाव सांगून थांबू नका. तुमच्या प्रेसवर ती वापरताना काय ठरवावं लागलं, ते सांगा.

तिसरा निर्णय माणसाबद्दलचा. असा एक निर्णय उत्तरात असलाच पाहिजे. सर्वांत जुन्या सेटरचा या सगळ्याला विरोध होता. "घाई केली तर कोणाचा तरी हात जाईल," असं तो म्हणाला. अशा वेळी "मी त्यांना समजावून सांगितलं" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते आता कानावरून जातं. आपल्या इंजिनिअरने काय केलं ते पाहा. त्याने सेटरला विचारलं, भीती नेमकी कुठे वाटते? उत्तर आलं की ट्रॉलीची उंची प्रेसच्या बेडशी जुळत नाही, डाय सरकवताना ती कलते. तक्रार खरी होती. त्याने टूलरूमकडून रोलर लावलेली, बेडच्या उंचीची ट्रॉली बनवून घेतली, आणि तिची पहिली चाचणी त्याच सेटरच्या हातून करवली. कोणी विरोध केला, त्यात खरं काय होतं, आणि त्यामुळे तुमच्या योजनेत काय बदललं, या तीन गोष्टी आल्या की नेतृत्व दिसतं. विरोध चुकीचा निघाला असेल तर तसंही सांगता येतं, पण तो कशावरून चुकीचा ठरला हे दाखवावं लागेल.

"असं ठरलं" हे वाक्य शोधून काढा

ही अडचण खास आपल्या भाषेची आहे. मराठीत कर्ता लपवणं फार सोपं. "असं ठरलं", "व्हिडिओ घेण्यात आले", "ट्रॉली बनवली गेली". शिवाय स्वतःबद्दल बोलताना "आम्ही" म्हणायची सवय, आणि "मी केलं" म्हणणं म्हणजे फुशारकी, हे लहानपणापासून कानावर पडलेलं. घरात ते ठीक आहे. मुलाखतीत मात्र "आम्ही" ऐकून मला कळत नाही की निर्णय तुमचा होता, तुमच्या साहेबाचा होता, की सगळ्यांचा. इंग्रजीत उत्तर देणारे उमेदवारही मनात मराठीत वाक्य जुळवतात आणि हीच सवय तिकडे नेतात.

लिहून काढलेल्या उत्तरातल्या प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा आणि विचारा: हे कोणी केलं? तुम्ही केलं असेल तिथे "मी" लिहा. दुसऱ्याने केलं असेल तिथे त्याची भूमिका लिहा: "ट्रॉलीचं डिझाइन टूलरूमच्या फिटरने केलं." खरोखर सगळ्यांनी मिळून केलं असेल तिथेच "आम्ही" ठेवा. असं केल्यावर उत्तर गर्विष्ठ वाटत नाही, उलट दुसऱ्यांचं श्रेय जास्त स्पष्ट होतं. "आम्ही"मध्ये फिटर दिसतच नव्हता. रेघा मारल्यावर "मी" कुठेच आला नाही, तर प्रोजेक्टची निवड पुन्हा तपासा.

परिणाम: आकडा, आणि तो कसा मोजला

परिणामाच्या आकड्याला जोड हवी: आधी किती, नंतर किती, कशावर मोजलं. आपल्या उदाहरणात तिसऱ्या महिन्यात सरासरी ४१ मिनिटं आली. शोधाशोध ३८ वरून ८, शट हाइट २२ वरून १०, तपासणी १५ वरून ५, आणि सोडणं-आवळणं २० वरून १८. शट हाइटचा वेळ उतरला तो डायांखाली पॅकिंग प्लेट बसवून त्यांची उंची सारखी केल्यामुळे. एकूण खर्च एक लाख वीस हजार.

आता अवघड भाग. नेहमी लागणाऱ्या १४ डायांपैकी तीन जुन्या डायांना प्लेट बसवता आल्या नाहीत. त्या बदलायला अजून ७० मिनिटं लागतात. हे लपवायचं का? मुळीच नाही. "४१ मिनिटांचा आकडा ११ डायांचा आहे, आणि आधीचे ९५ मिनिटंही त्याच ११ डायांचे आहेत" असं सांगितलं की ऐकणाऱ्याचा बाकीच्या आकड्यांवरही विश्वास बसतो. आधीची सरासरी सगळ्या डायांची आणि नंतरची निवडक डायांची, अशी तुलना जाणकार माणूस एका प्रश्नात पकडतो, आणि मग आधी सांगितलेलं सगळंच संशयास्पद ठरतं.

मिनिटांचा अर्थही सांगा. दर बदलामागे ५४ मिनिटं वाचली आणि महिन्यात या डायांचे ४० बदल झाले, तर २,१६० मिनिटं, म्हणजे महिन्याला ३६ तास प्रेस मोकळी झाली. त्या तासांत काय झालं? पार्ट जास्त निघाले, की रविवारची शिफ्ट बंद झाली? ते माहीत असेल तर जोडा, नसेल तर तासांवर थांबा. त्याला स्वतःच्या अंदाजाने रुपयांत बदलू नका. पुढचा प्रश्न "हा दर कुठून घेतला?" असाच येईल.

काही कामांत आकडा नसतोच. मग बदल दिसेल अशी खूण सांगा: कोणती तक्रार यायची बंद झाली, कोणती पद्धत तुम्ही गेल्यावरही चालू राहिली, दुसऱ्या कोणत्या लाइनने ती उचलली.

जोडलेलं उत्तर असं ऐकू येतं

"आमच्या २०० टनी प्रेसवर डाय बदलायला ९५ मिनिटं लागायची. ग्राहकाने लॉट लहान केल्यावर दिवसाला दोनदा बदल होऊ लागला आणि तीन तास प्रेस बंद राहू लागली. प्लँट हेडनी मला तीन महिन्यांत हा वेळ ४५ च्या आत आणायला सांगितलं. दीड लाखांची मर्यादा होती, आणि टीममधले पाच जण वेगवेगळ्या विभागांचे होते.

मी आधी तीन बदलांचा व्हिडिओ घेतला आणि सेटरबरोबर बसून वेळ वाटून लिहिला. ३८ मिनिटं नुसत्या शोधाशोधीत जात होती, आवळण्यात फक्त २०. टूलरूमला हायड्रॉलिक क्लँप हवे होते. मी ते नको म्हटलं, कारण मोठा वेळ तिथे नव्हताच. पुढची डाय, बोल्ट आणि गेज प्रेस चालू असतानाच जागेवर आणायचं मी ठरवलं, आणि इन्स्पेक्टरला आधी कळवायची पद्धत लावली. आमच्या जुन्या सेटरचा विरोध होता, हाताला इजा होईल म्हणून. मी भीतीचं कारण विचारलं तेव्हा ट्रॉलीची उंची चुकीची असल्याचं कळलं. फिटरने नवी ट्रॉली बनवली, आणि पहिली चाचणी मी त्या सेटरलाच करायला सांगितली. मग डायांना पॅकिंग प्लेट बसवून उंची सारखी केली.

तिसऱ्या महिन्यात ११ डायांची सरासरी ४१ मिनिटांवर आली. आधीचे ९५ त्याच डायांचे होते. महिन्याला ३६ तास मोकळे झाले, खर्च एक लाख वीस हजार. तीन जुन्या डाया राहिल्या, त्यांना अजून ७० मिनिटं लागतात. पुन्हा करायचं झालं तर मी डायांची उंची पहिल्याच आठवड्यात मोजेन, म्हणजे या तीन डाया आधीच लक्षात येतील."

सावकाश बोललं तरी हे अडीच मिनिटांत बसतं. शेवटचं वाक्य मुद्दाम ठेवलं आहे. "तुम्ही काय वेगळं केलं असतं?" हा प्रश्न येणारच असतो, आणि तो विचारायच्या आधीच नेमकं उत्तर मिळालं की मुलाखत घेणारा पुढच्या, जास्त खोल प्रश्नाकडे जातो.

सराव आणि पुढचे प्रश्न

उत्तर पाठ करू नका. पाठ केलेलं उत्तर मध्येच कोणी थांबवलं की कोसळतं, आणि आम्ही मध्येच थांबवतोच. एका कागदावर फक्त आठ-दहा शब्द लिहा: ९५, दोनदा, ४५, दीड लाख, व्हिडिओ, ३८, क्लँप, सेटर, ट्रॉली, ४१. त्यावरून फोनवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करा आणि ऐका. पहिला "मी" किती सेकंदांनी येतो ते पाहा. चाळिसाव्या सेकंदानंतर येत असेल तर परिस्थिती कापा. मुलाखत इंग्रजीत होणार असेल तर सरावही इंग्रजीतच करा, पण वाक्यं साधी ठेवा. "शट हाइट", "सेटर" हे शब्द तर तसेही तेच राहतात.

मग कामाची माहिती नसलेल्या कोणाला तरी, भावाला किंवा मैत्रिणीला, हेच सांगा आणि मध्ये कुठेही थांबवायला सांगा. त्यांना हे चार प्रश्न द्या: वेळ कुठून कुठपर्यंत मोजला? क्लँपला नाही म्हटल्यावर टूलरूमने काय केलं? तुम्ही नसता तर काय वेगळं झालं असतं? आणि सहा महिन्यांनी वेळ ४१ च राहिला का?

पहिल्याचं उत्तर ठरलेलं असतं: जुन्या पार्टचा शेवटचा चांगला पीस निघाल्यापासून नव्याचा पहिला चांगला पीस निघेपर्यंत. ते पटकन आलं की काम स्वतः केलेलं आहे हे समजतं. चौथ्या प्रश्नावर पुष्कळ जण गप्प होतात, कारण प्रोजेक्ट संपल्यावर कोणी मोजलेलंच नसतं. तसं असेल तर "मी तिथून बदली होऊन गेलो, नंतरचा आकडा माझ्याकडे नाही, पण प्रेसजवळ डाय बदलाची पाटी लावली होती आणि सेटर दर बदलाची वेळ तिच्यावर लिहायचा" एवढं सांगा. मुलाखतीला अजून आठवडा असेल, तर त्या जुन्या सेटरला फोन करून आज पाटीवर काय लिहिलंय ते विचारून घ्या.